‘हो, वापर’ म्हणजे नेमके काय? ॲनिमेशनपटासाठी गाणे मागताना

सोलापुरात लघुपट करणाऱ्या मंडळींची कागदपत्रे पाहण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे. त्यातला एक प्रसंग येथे सविस्तर मांडतो, कारण गाण्याची परवानगी मागणाऱ्या साध्या संदेशात काय काय असावे लागते, आणि का असावे लागते, हे त्यातून स्पष्ट होते.

पूर्व भागातल्या विणकर वस्तीवर अकरा मिनिटांचा ॲनिमेशनपट करणारी तीन तरुणांची एक चमू माझ्याकडे आली. चित्रपटाच्या मध्यभागी हातमागावर बसलेल्या आजीचा प्रसंग होता, आणि त्या प्रसंगासाठी त्यांना सोलापूरच्याच एका बुवांनी गायलेले, १९९८ साली कॅसेटवर आलेले ओवीच्या वळणाचे एक गाणे हवे होते. चमूतल्या दिग्दर्शिका ताईंनी बुवांना व्हॉट्सॲपवर संदेश पाठवला होता आणि उत्तरही आले होते. त्यामुळे परवानगीचे काम उरकले, अशी त्यांची समजूत होती. संदेश असा होता :

“बुवा, सादर नमस्कार. तुमचे मागावरचे गाणे आम्हाला खूप आवडते. आम्ही एक ॲनिमेशन फिल्म करतो आहोत, त्यात ते वापरायचे आहे. तुमचे नाव देऊ आणि मानधनही देऊ. कृपया परवानगी द्यावी.”

बुवांचे उत्तर होते : “हो बाळ, वापर. आशीर्वाद आहेत.”

दोन्ही बाजूंचा हेतू स्वच्छ होता. तरीही मी ताईंना विचारले की बुवांनी ‘हो’ म्हटले ते नेमके कशाला? गाणे पूर्ण वापरायला की एक कडवे? सोलापुरात दाखवायला की परदेशातल्या महोत्सवात पाठवायलाही? किती वर्षांसाठी? मानधन किती? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे गाणे द्यायचे ते संपूर्णपणे बुवांच्याच मालकीचे होते का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दोन संदेशांत नव्हते.

येथे कायद्याची एक बाजू समजून घ्यावी लागते. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० नुसार परवानगी लेखी असावी लागते. पूर्वी त्यावर मालकाची सहीही लागत असे. २०१२ च्या दुरुस्तीत परवान्यापुरती सहीची अट काढली गेली. (हक्क कायमचे विकत घ्यायचे असतील तर मात्र सही आजही लागतेच.) त्यामुळे ईमेलवर किंवा फोनवरच्या संदेशात आलेले लेखी उत्तर निरुपयोगी ठरत नाही. पण उत्तर ‘हो’ इतकेच असेल, तर त्या ‘हो’चा अर्थ प्रश्नातूनच काढावा लागतो. म्हणजे परवानगीचा खरा मजकूर उत्तरात नसतो, तो मागणीच्या संदेशात असतो. तो संदेश जितका नेमका, तितके ते एका शब्दाचे उत्तर भक्कम.

संदेश जेथे गप्प राहतो तेथे कायदा स्वतःचे उत्तर भरतो, आणि ते बहुधा चित्रपट करणाऱ्याच्या सोयीचे नसते. हक्क देण्या-घेण्याच्या लिखाणात काय असावे हे कलम १९ सांगते, आणि कलम ३०अ नुसार त्यातल्या तरतुदी आवश्यक त्या फेरफारासह परवान्यालाही लागू होतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो फक्त भारत धरला जातो. तिसरी तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते आणि ॲनिमेशन करणाऱ्यांना तीच अधिक जाचते : घेतलेला हक्क एका वर्षाच्या आत वापरला नाही आणि लिखाणात वेगळे काही ठरलेले नसेल, तर तो हक्क संपला असे मानले जाते. चालत्या-बोलत्या माणसांवर चित्रित केलेला लघुपट दोन-तीन महिन्यांत पुरा होऊ शकतो, पण या चमूचे वेळापत्रक चौदा महिन्यांचे होते. आज मिळालेली परवानगी चित्रपट तयार होण्याआधीच वादात सापडावी, अशी ही रचना आहे. कच्च्या जुळणीत गाणे लावले म्हणजे हक्क वापरला, असा युक्तिवाद करता येईल, पण ज्या गोष्टीसाठी एक ओळ पुरते तिच्यासाठी युक्तिवाद करण्याची वेळ का आणावी?

आता मालकीकडे वळतो, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात. आपण ‘गाणे’ म्हणतो ती कायद्याच्या दृष्टीने एक वस्तू नसते. शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. शब्दांचा मूळ मालक गीतकार, चालीचा संगीतकार, आणि ध्वनिमुद्रणाचा मालक ते करवून घेणारा निर्माता, म्हणजे बहुधा कॅसेट कंपनी. गायकाचे त्याच्या गायनावर काही हक्क असतात, पण आवाज त्याचा आहे म्हणून मुद्रण त्याचे होत नाही. या गाण्याला चाल बुवांनी लावली होती आणि गायलेही त्यांनीच होते. शब्द मात्र मागावर काम करणाऱ्या एका कवीचे होते, आणि ते २००९ साली वारले. ध्वनिमुद्रण कॅसेट कंपनीचे होते. म्हणजे ज्या तीन मालकांना विचारायला हवे होते, त्यांपैकी एकालाच ताईंनी विचारले होते, आणि त्या एकाने अत्यंत प्रेमाने, पण तिघांच्या वतीने ‘हो’ म्हटले होते.

गीतकार हयात नसला की त्याचे शब्द मोकळे होतात, असा एक गैरसमज आहे. शब्द आणि चाल यांवरचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या हयातीत असतोच, शिवाय मृत्यूनंतरच्या पुढील जानेवारीपासून साठ वर्षे टिकतो. कवी २००९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६९ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे राहील. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून मोजतात. १९९८ ची कॅसेट २०५८ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. तीस सेकंदांपेक्षा कमी गाणे वापरले तर परवानगी लागत नाही, हेही मी अनेकदा ऐकले आहे. तसा आकडा कायद्यात कोठेही नाही.

कवींचे दोन मुलगे होते, एक सोलापुरात आणि एक भिवंडीत. चमूने सोलापूरच्या मुलाचा नंबर मिळवला आणि त्याने लगेच होकार दिला. मी विचारले, लेक आहे का? होती. लग्न होऊन विजापूरला गेलेली. मृत्युपत्र केलेले नसेल तर हा हक्कही इतर मालमत्तेसारखाच वारसांकडे जातो, हिंदू वारसा कायद्यानुसार त्यात लेकीचा वाटा मुलांइतकाच असतो, आणि सामाईक मालकांपैकी एकट्याने दिलेली परवानगी बाकीच्यांना बांधत नाही. घर-जमिनीच्या व्यवहारात बहिणीची सही लागते हे आता सगळ्यांना पाठ झाले आहे. गाण्याच्या बाबतीत मात्र ते कोणाच्या डोक्यात येत नाही.

कॅसेट कंपनीचा हक्क कसा ओळखायचा, हेही सांगतो. बुवांकडे जुनी कॅसेट होती. तिच्या आतल्या कागदावर अगदी तळाशी, भिंग घेऊन वाचावे लागेल अशा अक्षरांत ℗ 1998 आणि पुढे कंपनीचे नाव होते. ℗ ही खूण ध्वनिमुद्रणाच्या मालकीची असते. © ही बहुधा मुखपृष्ठ, मजकूर किंवा इतर कृतींच्या मालकीची. गाणे यूट्यूबवर असेल तर वर्णनात Provided to YouTube by अशी ओळ दिसते, पण तेथे नाव असते ते वितरकाचे, आणि वितरक म्हणजे मालक नव्हे. खाली ℗ असलेली वेगळी ओळ असते, ती पाहावी.

बुवांच्या ट्रंकेत त्या काळी कंपनीने दिलेले एक पानही सापडले, आणि त्याने पुढचा सगळा मार्ग ठरवला. त्यात ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील असे लिहिले होते आणि हीच गाणी पाच वर्षे दुसऱ्या कंपनीसाठी गाऊ नयेत अशी अट होती. शब्द आणि चाल यांचे हक्क कंपनीला दिल्याचा उल्लेख कोठेही नव्हता. म्हणजे ते दोन हक्क मूळ मालकांकडेच होते, आणि पाच वर्षांची अट २००३ मध्येच संपली होती. असे पान प्रत्येकाकडे निघेलच असे नाही. पण संगीतकाराला पहिला फोन करतानाच “त्या वेळी काही कागद झाला होता का?” हे विचारावे. पुष्कळ ज्येष्ठ कलाकारांनी सगळे हक्क एका ओळीत देऊन टाकलेले असतात, आणि ते स्वतःलाही आठवत नसते.

कंपनीला आम्ही वेगळे पत्र पाठवले. जुने मुद्रण जसेच्या तसे चित्रपटात घ्यायचे म्हणजे मास्टर वापरण्याची परवानगी लागते, आणि शब्द-चाल चित्रांशी जुळवून वापरायची म्हणजे सिंक परवानगी लागते. या दोन स्वतंत्र परवानग्या आहेत. व्यवहारात दोन्ही बाजूंना सारखे मानधन देण्याचा प्रघात आहे, आणि अनेकदा एका बाजूला अधिक मिळाले तर दुसऱ्या बाजूलाही तितकेच द्यावे अशी अटच घातली जाते. चमूची तयारी प्रत्येक बाजूला १५,००० रुपयांची होती. कंपनीने ५०,००० मागितले, तेही दोन वर्षांपुरते. समान मानधनाचे तत्त्व पाळायचे तर एकूण १,००,००० रुपये झाले असते, आणि संपूर्ण चित्रपटाचे अंदाजपत्रक साडेतीन लाखांचे होते.

अशा वेळी एक सरळ वाट असते : गाणे नव्याने मुद्रित करावे. जुने मुद्रण वापरलेच नाही तर कंपनीच्या परवानगीचा प्रश्न उरत नाही. शब्द आणि चाल यांची परवानगी पुरते, आणि नव्या मुद्रणाची मालकी ते करवून घेणाऱ्या चमूकडे राहते. बुवा अजून उत्तम गात होते. स्टुडिओ, ढोलकी, पेटी आणि एकतारी मिळून १४,००० रुपये आणि गायक म्हणून बुवांचे वेगळे ६,००० असा खर्च बसला. शब्द-चालीचे १५,००० धरून एकूण ३५,००० रुपयांत काम होत होते. पण त्यासाठी नव्याने संदेश लिहिणे आवश्यक होते, कारण आता मागणीच बदलली होती.

नवे मुद्रण ॲनिमेशनच्या आधी करावे लागते, हे येथेच सांगतो. आजीच्या प्रसंगात मागावरचा आडवा धागा नेणारा धोटा ठेक्यावर इकडून तिकडे जातो, अशी ताईंची कल्पना होती. जुन्या मुद्रणाची लय मिनिटाला ९० मात्रांची होती. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, म्हणून प्रत्येक मात्रेला बरोबर १६ चौकटी मिळत होत्या; आठ चौकटींत धोटा अर्ध्यावर, सोळाव्या चौकटीला पलीकडच्या पेटीत. एक मिनिट चाळीस सेकंदांचा तुकडा म्हणजे २,४०० चौकटी. प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकते असे धरले तरी १,२०० चित्रे. आता वयोमानाने बुवा तेच गाणे थोडे सावकाश, समजा ८४ च्या लयीत गायले, तर एका मात्रेला सतरा चौकटींहून थोडे अधिक लागतात आणि त्याच १५० मात्रा शंभराऐवजी सुमारे १०७ सेकंद घेतात. शेवटी पोहोचेपर्यंत धोटा गाण्याच्या सात सेकंद पुढे गेलेला असतो. कंपनी मान्य करेलच या भरवशावर जुन्या गाण्यावर चित्रे काढून ठेवली असती, तर ती सगळी पुन्हा काढावी लागली असती. म्हणून कच्च्या चित्रांची क्रमवार जुळणी, जिला ॲनिमॅटिक म्हणतात, ती झाली की परवानगी, मग कानात लयीचा ठोका देऊन मुद्रण, आणि त्यानंतर पहिले पक्के चित्र, असा क्रम असावा.

बुवांना आणि कवींच्या तिन्ही मुलांना पाठवलेला दुसरा संदेश असा होता. नावे वगळून तो पूर्ण देतो.

“आदरणीय बुवा, सादर नमस्कार.

आम्ही तिघे सोलापूरच्या विणकर कुटुंबांवर सुमारे ११ मिनिटांचा ॲनिमेशनपट करत आहोत. त्यातल्या एका प्रसंगासाठी आपण चाल लावलेल्या आणि १९९८ च्या कॅसेटमध्ये गायलेल्या मागावरच्या गाण्याचे शब्द व चाल वापरण्याची परवानगी आपल्याकडे मागत आहोत. कॅसेटमधले मूळ ध्वनिमुद्रण आम्ही वापरणार नाही. गाणे आपल्याच आवाजात नव्याने मुद्रित करू. शब्दांच्या परवानगीसाठी कवींच्या तिन्ही मुलांना हाच मजकूर स्वतंत्रपणे पाठवला आहे, आणि सर्वांचा होकार आल्याशिवाय गाणे वापरणार नाही.

गाण्याचे धृपद आणि पहिली दोन कडवी, मिळून सुमारे १ मिनिट ४० सेकंद, वापरायची आहेत. शब्द बदलणार नाही. या वेळी पडद्यावर एक आजी हातमागावर सोलापुरी चादर विणत आहे आणि तिची नात कांड्या भरत आहे. प्रसंगाची कच्ची चित्रे सोबत पाठवत आहोत.

परवानगी या एका चित्रपटापुरती आणि त्याच्या एक मिनिटापर्यंतच्या जाहिरात-चित्रफितीपुरती असेल. चित्रपट महोत्सव, नाट्यगृहे, शाळा, दूरदर्शन वाहिन्या, ओटीटी आणि यूट्यूबवर जगभर दाखवता यावा, आणि त्यासाठी मुदतीची मर्यादा नसावी, अशी विनंती आहे. चित्रपट पूर्ण व्हायला सुमारे १४ महिने लागतील. त्यामुळे एका वर्षाच्या आत वापर झाला नाही तरी परवानगी रद्द होणार नाही असे मान्य असावे. चित्रपटाची कानडी आणि तेलुगू आवृत्ती काढली तरी गाणे मराठीतच राहील. भाषांतर करायचे झाल्यास पुन्हा विचारू. गाणे आपण इतर कोणालाही देण्यास पूर्ण मोकळे आहात.

शब्द आणि चाल यांसाठी एकूण १५,००० रुपये मानधन देऊ. त्यातले ७,५०० आपले आणि ७,५०० कवींच्या वारसांचे, प्रत्येकी २,५००. गायनाचे ६,००० रुपये वेगळे. सर्व रक्कम करारावर सह्या होताच, मुद्रणाच्या आधी, बँकेत जमा करू. पुढे रॉयल्टी मिळण्याच्या आपल्या कायदेशीर हक्काला या मानधनामुळे बाधा येणार नाही.

चित्रपटाच्या शेवटी स्वतंत्र पाटीवर आणि इंटरनेटवरील वर्णनात असा उल्लेख करू : ‘गीत : … / संगीत आणि स्वर : …’. नावे कशी लिहावीत ते कृपया कळवावे.

वरील सर्व मान्य असल्यास ‘मान्य आहे’ एवढे उत्तर पुरेल. एखादी गोष्ट पटत नसेल तर निःसंकोच सांगावे; नकार दिलात तरी आमच्या मनात आपल्याविषयी आदरच राहील.”

संदेश लांब आहे, हे मान्य. पण लांबलेल्या प्रत्येक वाक्यामागे एक प्रश्न आहे, आणि तो नंतर विचारला जाण्यापेक्षा आधी सुटलेला बरा. त्यातल्या काही वाक्यांविषयी अधिक सांगतो.

पडद्यावर काय दिसणार, हे मी मुद्दाम घालायला लावले. गीतकार-संगीतकाराने हक्क विकले तरी आपल्या कृतीची मोडतोड करून प्रतिष्ठेला धक्का लावला गेला तर आक्षेप घेण्याचा, आणि कर्ता म्हणून आपले नाव लागण्याचा हक्क कलम ५७ नुसार त्याच्याकडेच राहतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी संगीतकाराच्या मनातला पहिला प्रश्न पैशांचा नसतो; आपले गाणे कशाच्या मागे वाजणार, हा असतो. भक्तिगीत दारूच्या प्रसंगात टाकलेले किंवा श्रमाचे गाणे प्रचाराच्या चित्रफितीत वाजलेले पाहून दुखावलेले कलाकार मी पाहिले आहेत. ॲनिमेशनचा फायदा असा की चित्रे आधीच कागदावर असतात, मग ती दाखवायला अडचण कसली?

प्रदेश आणि मुदत यांबाबत मात्र चित्रपट करणाऱ्याने हावरेपणा करू नये. मोठ्या निर्मात्याने ‘जगभर, कायमचे, सर्व माध्यमांत’ मागितले तर मानधनही त्या मापाचे असावे. या चमूकडे पैसे कमी होते, म्हणून आम्ही आधी फक्त महोत्सवांसाठी दोन वर्षांची परवानगी अल्प मानधनात घ्यावी आणि ओटीटीवर विकला गेला तर ठरलेली जादा रक्कम द्यावी, असा पर्यायही संदेशाव्यतिरिक्त मांडला होता. ही पायऱ्यांची पद्धत लघुपटांसाठी खरोखर उपयोगी आहे, फक्त दुसऱ्या पायरीची रक्कम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. चित्रपट विकला जात असताना नव्याने बोलणी सुरू केली की चित्रपट करणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. बुवांनी आणि वारसांनी संदेशात लिहिलेला, एकरकमी मानधनाचाच पर्याय पसंत केला.

रॉयल्टीविषयीचे वाक्य अनेक निर्माते गाळतात, किंवा त्याच्या उलट ‘एकरकमी मानधनानंतर कोणताही हक्क राहणार नाही’ असे लिहितात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा ओळीला अर्थ नाही. चित्रपटात घेतलेले शब्द आणि चाल चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे वाहिनीवर, ओटीटीवर किंवा अन्यत्र, वापरले गेले तर त्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार आणि संगीतकार यांना मिळतो. हा वाटा ते वारसांना किंवा हक्कसंस्थेला देऊ शकतात, निर्मात्याला सोडून देऊ शकत नाहीत. गीतकार-संगीतकारांची अशी रॉयल्टी गोळा करण्याचे काम आपल्याकडे आयपीआरएस ही संस्था करते. चित्रपटात गाणे घेण्याची सिंक परवानगी मात्र सर्वसाधारणपणे तिच्याकडून मिळत नाही, ती हक्काच्या मालकाकडूनच घ्यावी लागते. ‘संस्थेला पैसे भरले म्हणजे झाले’ असे सांगणारे भेटले तर हा फरक ध्यानात ठेवावा. चित्रपट करणाऱ्याने आपल्याकडून एक काम करावे : कोणते गाणे, कोणाचे शब्द, कोणाची चाल, किती सेकंद, हे लिहिलेली क्यू शीट तयार करून वाहिनीला किंवा ओटीटीला चित्रपटासोबत द्यावी. तिच्यावाचून पुढचा वाटा कोणाच्या नावे जमा करायचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

श्रेयाची पाटी नेमकी कोणत्या शब्दांत असेल हे संदेशातच लिहावे. ‘योग्य श्रेय देऊ’ याने काहीच ठरत नाही. आणि नाव देणे हा परवानगीचा किंवा पैशांचा पर्याय नव्हे. विनापरवानगी गाणे वापरून खाली कलाकाराचे नाव लिहिले, तर उल्लंघन तेवढेच राहते.

यूट्यूबबाबत एक सावधगिरी. तेथली स्वयंचलित ओळख-यंत्रणा आवाज जुळला की मालकाच्या वतीने दावा लावते, तुमच्याकडे परवानगी असली तरी. जुने मुद्रण घेतले असते तर दावा आल्यास तो मागे घेण्याची जबाबदारी कंपनीने लेखी घ्यावी, अशी अट आम्ही घातली असती. नव्या मुद्रणातही चालीवरून दावा येऊ शकतो. त्या वेळी उत्तरात जोडायला हेच संदेश आणि करार लागतात. म्हणून ते फोनमध्ये न ठेवता तारखेसह पीडीएफ करून चित्रपटाच्या मूळ फायलींसोबत ठेवावेत. मानधनातून टीडीएस कापायचा का, हे सीएंना आधीच विचारावे, म्हणजे ७,५०० सांगून हातात कमी देण्याची वेळ येत नाही.

बुवांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. सगळे मान्य होते, फक्त त्यांनी एक प्रश्न विचारला : चाल तर बायका जात्यावर म्हणतात त्या ओवीवरच बेतलेली आहे, मग ‘संगीत’ म्हणून माझे नाव लावणे बरोबर आहे का? प्रश्न प्रामाणिक होता आणि महत्त्वाचाही. पारंपरिक ओवीची चाल कोणाच्याच मालकीची नाही, ती कोणीही घ्यावी. पण बुवांनी तिच्यावर बांधलेले धृपद, मधले सूर आणि ठेका ही त्यांची रचना आहे, आणि तेवढ्यापुरता हक्क त्यांचाच आहे. पाटीवर आम्ही ‘पारंपरिक ओवीवर आधारित संगीतरचना आणि स्वर’ असे लिहिण्याचे सुचवले. ते त्यांना पटले.

दोन्ही मुलांचे ‘मान्य आहे’ आठवड्याभरात आले. विजापूरच्या लेकीचे उत्तर यायला मात्र बारा दिवस लागले, आणि तोवर स्टुडिओची ठरवलेली तारीख पुढे ढकलावी लागली. चमूतला एक जण अस्वस्थ होऊन म्हणाला की दोघांनी होकार दिला आहे, मुद्रण तर करून घेऊ. ताईंनी ठाम नकार दिला, कारण ‘सर्वांचा होकार आल्याशिवाय वापरणार नाही’ हे वाक्य त्यांच्याच संदेशात होते. शेवटी उत्तर आले ते असे : “मान्य आहे. कॅसेटवर बाबांचे आडनाव चुकीचे छापले होते, एक अक्षर कमी होते. ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिले होते. तुमच्या पाटीवर बरोबर लिहा.” तिने आडनाव वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून त्याचा फोटो पाठवला होता. करारात, पाटीवर आणि क्यू शीटवर ते त्या फोटोवरून अक्षर न् अक्षर ताडून घेतले, आणि त्यानंतरच्या सोमवारी बुवा मुद्रणाला बसले.